बायोडेटातल्या नको त्या ओळी

तहसील कचेरीसमोरच्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात जा आणि ‘नोकरीसाठी बायोडेटा करून द्या’ म्हणा. दुकानदार संगणकावरची जुनी फाइल उघडतो, आधीच्या गिऱ्हाइकाचं नाव खोडून तुमचं टाकतो आणि विचारायला लागतो. वडिलांचं किंवा पतीचं नाव? जन्मतारीख? विवाहित की अविवाहित? धर्म? जात? राष्ट्रीयत्व? छंद? शेवटी ‘वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे’ अशी एक ओळ, तारीख, ठिकाण आणि सही. दहा मिनिटांत पान तयार होतं. त्या पानाचा अर्धा भाग तुम्ही कोण आहात हे सांगतो; तुम्हाला काय येतं हे सांगायला खाली चार ओळी उरतात.

हा नमुना सरकारी अर्जावरून आलेला आहे आणि सरकारी अर्जात त्या रकान्यांना अर्थ आहे. राज्यसेवेच्या परीक्षेला वयाची अट असते, मागासवर्गीयांना ती शिथिल होते, आरक्षणासाठी जातीचा दाखला लागतो, दिव्यांगांसाठी जागा राखीव असतात. तिथे वय, जात आणि प्रवर्ग लिहिल्यानं उमेदवाराला त्याचा हक्क मिळतो. खासगी कंपनीत, सीएच्या ऑफिसात, इस्पितळात किंवा शोरूममध्ये अर्ज करताना यातलं काहीच लागू नसतं. तरी रकाने तसेच राहतात, कारण फाइल तीच असते. ज्या माहितीनं सरकारी नोकरीत हक्क मिळतो, तीच माहिती खासगी नोकरीत नाव बाजूला काढायला उपयोगी पडते.

नावावरून काय होतं

असा भेदभाव खरंच होतो का, की ही नुसती शंका आहे, याचा शोध आपल्याकडे एकदा नीट घेतला गेला. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिराती गोळा केल्या. ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. माणसं काल्पनिक होती, शिक्षण आणि अनुभव तोलामोलाचा होता, फरक होता तो नावाचा. एक नाव उच्चवर्णीय हिंदू वाटेल असं, एक दलित आणि एक मुस्लिम. अर्जात जात किंवा धर्म कुठेही लिहिलेला नव्हता. तरीही पुढच्या टप्प्यासाठी बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांशच निघाली. हा अभ्यास २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त छापून आला.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी, की ‘धर्म : ’ असा रकाना आपल्या हातानं भरणारा उमेदवार वाचणाऱ्याचं काम सोपं करतो. दुसरी गोष्ट जास्त कडू आहे. तो रकाना काढला तरी नाव राहतंच, आणि महाराष्ट्रात तर आडनाव म्हणजे अर्धा जातीचा दाखला. ‘पूर्ण नाव काय?’, ‘मूळ गाव कुठलं?’, ‘म्हणजे तुम्ही त्या भागातले का?’ हे प्रश्न आपण चहाच्या टपरीपासून मुलाखतीच्या टेबलापर्यंत ऐकतो, आणि ते कशासाठी विचारले जातात हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं, ऐकणाऱ्यालाही. म्हणून वगळण्यानं सगळं टळतं अशा भ्रमात कोणी राहू नये. जेवढं आपल्या हातात आहे तेवढंच वगळता येतं. मधलं नाव, ‘श्री.’, ‘सौ.’ आणि ‘कु.’ या उपाध्या, फोटो, धर्म, जात आणि मातृभाषा एवढं आपल्या हातात असतं. आडनाव बदलायला जाऊ नये, कारण गुणपत्रिका, पॅन कार्ड आणि बँक खातं याच नावानं असतात. पुढे पडताळणीत घोळ होतो.

मातृभाषेबद्दल एक बारकावा. ‘मातृभाषा : मराठी’ ही ओळ माणसाची ओळख सांगते. ‘मराठी, हिंदी : लिहिणं-बोलणं, इंग्रजी : पत्रव्यवहार’ ही ओळ कौशल्य सांगते. माहिती जवळपास तीच, पण दुसरी ओळ कामाला लागते. पुण्यातल्या कॉल सेंटरला किंवा कोल्हापूरच्या बँकेला तुम्ही कोणत्या भाषेत ग्राहकाशी बोलू शकता एवढंच हवं असतं.

एका ओळीची किंमत

कुटुंबाविषयीची माहिती आपल्याला निरुपद्रवी वाटते. ‘विवाहित, दोन अपत्ये’ लिहिलं तर बिघडलं काय? उलट माणूस स्थिरावलेला आहे असंच वाटेल, असा आपला अंदाज. पुरुषाच्या बाबतीत तो पुष्कळदा बरोबरही ठरतो. बाईच्या बाबतीत तीच ओळ उलट फिरते.

शेली कॉरेल आणि तिच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी तोडीस तोड असे अर्ज तयार केले. काही अर्जांत एवढंच जास्त होतं, की ही व्यक्ती शाळेच्या पालक-शिक्षक संघाचं काम बघते. म्हणजे ती आई आहे किंवा बाप आहे, हे न सांगता सांगितलं. खऱ्या कंपन्यांना हे अर्ज पाठवल्यावर मूल नसलेल्या बाईला आईच्या दुपटीहून थोडी जास्त बोलावणी आली. पुरुषांमध्ये मात्र बाप असल्याचा तोटा दिसला नाही. त्याच अभ्यासात स्वयंसेवकांना अर्ज वाचून पगार सुचवायला सांगितलं, तेव्हा आईसाठी सुचवलेला सुरुवातीचा वार्षिक पगार सुमारे ११ हजार डॉलरनं कमी होता. एका ओळीनं एवढं केलं, आणि ती ओळ वाचणारे सगळेच काही दुष्ट नव्हते. ‘आई म्हणजे रजा घेणार, लवकर घरी जाणार’ हा हिशेब मनात आपोआप होतो आणि तो बापासाठी होत नाही, एवढंच.

आपल्याकडे हा हिशेब किती उघडपणे व्हायचा, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातच आहे. नीरा माथुर यांनी आयुर्विमा महामंडळात सहायक पदासाठी अर्ज केला. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली, महामंडळाच्या यादीवरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून तंदुरुस्त ठरवलं. एक घोषणापत्रही भरून घेतलं. त्यात विवाहित आहात का, मुलं किती, इथपासून सुरुवात होऊन पाळी नियमित येते का, शेवटची पाळी कधी आली, किती वेळा दिवस गेले, गर्भपात झाला आहे का, इथपर्यंत प्रश्न होते. सप्टेंबर १९८९ मध्ये त्या परिवीक्षेवर रुजू झाल्या, डिसेंबरमध्ये बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि जानेवारी १९९० मध्ये बाळ झालं. फेब्रुवारीत त्यांना नोकरीवरून काढण्यात आलं. घोषणापत्रात शेवटच्या पाळीची तारीख खोटी लिहिली, असं कारण पुढे न्यायालयात सांगण्यात आलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९१ च्या निकालात न्यायालयानं त्यांना परत कामावर घ्यायला सांगितलं आणि असे रकाने लाजिरवाणे आणि अपमानास्पद आहेत, ते अर्जातून काढून टाका, असं महामंडळाला बजावलं.

या निकालाचं महत्त्व असं, की न्यायालयानं बाईच्या उत्तराआधी प्रश्नाकडे पाहिलं. हा प्रश्न विचारण्याचं कामच काय, इथून सुरुवात केली. आपण स्वतःचा परिचय लिहिताना प्रत्येक ओळीला हाच प्रश्न विचारायचा असतो : ही ओळ काढली, तर मी हे काम कसं करीन याविषयी वाचणाऱ्याला काही कमी कळेल का? कमी कळणार नसेल, तर ती ओळ तिथे वेगळंच काहीतरी करत असते.

कायदा कुठपर्यंत पुरतो

अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानं वंश, रंग, धर्म, लिंग आणि मूळ देश यांवरून नोकरी नाकारायला बंदी केली. १९६७ च्या कायद्यानं चाळिशीच्या पुढच्यांना वयावरून डावलण्यावर बंदी आली. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्यात वय, धर्म, विवाह आणि बाळंतपण हे सगळं आलं. त्यामुळे तिथल्या कंपन्यांना अर्जावर जन्मतारीख किंवा फोटो दिसला की अवघडल्यासारखं होतं. उद्या तुम्हाला नाकारलं आणि तुम्ही दावा लावला, तर ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ असं म्हणायची सोय त्यांना राहत नाही. पुण्याहून तिकडे अर्ज करणारी मुलं फोटो आणि वडिलांचं नाव घालून सीव्ही पाठवतात, तेव्हा आपण काही जास्तीचं प्रामाणिक केलं असं त्यांना वाटतं. वाचणाऱ्याला मात्र या उमेदवाराला इथली रीत ठाऊक नाही एवढंच कळतं.

भारतात राज्यघटनेचं सोळावं कलम धर्म, जात, लिंग, जन्मस्थान वगैरे कारणांवरून भेदभाव करायला मनाई करतं, पण ती सरकारी नोकरीपुरती. खासगी क्षेत्रात भरती करताना लिंगावरून भेद करू नये, हे १९७६ च्या समान वेतन कायद्यात आलं. अपंगत्व, एचआयव्ही आणि तृतीयपंथी ओळख यांसाठी २०१६, २०१७ आणि २०१९ मध्ये वेगवेगळे कायदे झाले. खासगी नोकरीत वयावरून किंवा धर्मावरून डावलू नये असं सरसकट सांगणारा एक कायदा मात्र आपल्याकडे नाही. ‘वय २५ ते ३०’ अशी जाहिरात आपण रोज वाचतो आणि ती देणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. कायद्याचं छत्र अपुरं असल्यामुळे काय सांगावं आणि काय राखावं, ही काळजी इथल्या उमेदवाराला स्वतःच घ्यावी लागते.

जन्मतारखेचा तर आणखी एक धोका आहे, त्याचा नोकरीशी संबंध नाही. ई-आधारची फाइल उघडायचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. प्राप्तिकर विवरणपत्राच्या पोचपावतीची फाइल पॅन क्रमांक आणि जन्मतारीख टाकली की उघडते. नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव, पत्ता, मोबाइल आणि वर हौसेनं पॅन क्रमांक एकाच पानावर लिहून ते पान पंचवीस अनोळखी पत्त्यांवर पाठवणं म्हणजे फसवणूक करणाऱ्याला सगळं साहित्य घरपोच देणं. पत्त्याच्या जागी ‘नाशिक’ किंवा ‘ठाणे’ एवढं शहराचं नाव पुरतं. आधार आणि पॅन तर पहिल्या अर्जात कधीच देऊ नये.

एक बायोडेटा उघडून पाहू

नमुन्यादाखल एक उमेदवार घेऊ. नाशिकच्या बाई, वय ४३. बी.कॉम. झाल्यावर पाच वर्षं सीएच्या ऑफिसात काम केलं, मग मुलं लहान असताना दहा वर्षं घरी होत्या, आणि गेली सात वर्षं दोन दुकानांचे आणि एका गृहनिर्माण संस्थेचे हिशेब घरून सांभाळतात. आता त्यांना अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात अकाउंटंटच्या जागेसाठी अर्ज करायचा आहे.

दुकानातून करून आणलेल्या त्यांच्या बायोडेटात पहिल्या ओळीत ‘सौ.’ आहे, मग पतीचं नाव, त्यांचा व्यवसाय, जन्मतारीख, धर्म, जात, ‘विवाहित, दोन अपत्ये’. त्याखाली दहावी, बारावी, बी.कॉम. यांची वर्षं आणि टक्के. छंद : वाचन, स्वयंपाक. अनुभव सगळ्यात शेवटी, दीड ओळीत : ‘अकाउंट्सचा अनुभव आहे, टॅली येते.’ ईमेलच्या पत्त्यात नावापुढे जन्मवर्ष आहे.

कारखान्याच्या मालकाला यातून काय कळलं? की बाई चाळिशीपुढच्या आहेत, संसारी आहेत, आणि अकाउंट्सचं ‘थोडंफार’ येतं. त्याला जे हवं होतं ते या पानावर नाही. त्याला हवंय ते असं : जीएसटीची विवरणपत्रं वेळेवर जातील का, पुरवठादारानं बिल भरलं नाही म्हणून अडकलेला करपरतावा कोणी शोधून काढील का, ऑडिटच्या वेळी बँकेचा ताळमेळ तयार असेल का.

आता पान नव्यानं लिहू. वर नाव आणि आडनाव, शहर, मोबाइल, आणि जन्मवर्ष नसलेला नवा ईमेल. त्याखाली परिचय : ‘जीएसटी आणि टॅली प्राइमवर काम करणारी अकाउंटंट. सध्या दोन किरकोळ दुकानं आणि एका गृहनिर्माण संस्थेचे पूर्ण हिशेब सांभाळते. दर महिन्याला जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी वेळेत भरणं, खरेदीची बिलं २बी विवरणाशी जुळवणं, बँक ताळमेळ, आणि संस्थेच्या वार्षिक लेखापरीक्षणासाठी कागद तयार करणं ही कामं स्वतः करते.’ मग अनुभव. सध्याचं काम वर, सात वर्षं. त्याखाली ‘त्याआधी : सीए कार्यालयात पाच वर्षं, विक्रीकर आणि प्राप्तिकराची कामं.’ शिक्षणात बी.कॉम. आणि विद्यापीठाचं नाव. टक्के, दहावी, बारावी आणि सगळी वर्षं गेली.

ही वर्षं घालवण्याचं कारण साधं आहे. जन्मतारीख काढली आणि ‘दहावी १९९८’ ठेवलं, तर वय काढायला तोंडी वजाबाकी पुरते. वय पानभर सांडलेलं असतं : दहावीच्या वर्षात, ईमेलमध्ये, ‘पंचवीस वर्षांचा प्रदीर्घ अनुभव’ अशा शब्दांत, आणि आता कोणी वापरत नाही त्या सॉफ्टवेअरच्या नावात. धर्म आणि जात छंदांत आणि समाजकार्यात सांडलेली असते. एक रकाना काढून भागत नाही. पान दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्यावं आणि ‘या माणसाविषयी तुला काय काय कळलं?’ असं विचारावं. तो ‘बाई असतील चाळिशीच्या, मुलं असतील मोठी’ म्हणाला, तर कुठून कळलं ते विचारून ती जागा दुरुस्त करावी.

खंड लपवायचा की सांगायचा?

या बाईंची खरी अडचण ती दहा वर्षं आहे. इथे वगळण्याची मर्यादा कळते.

फ्रान्समध्ये २०१० च्या सुमारास एक मोठा प्रयोग झाला. काही कंपन्यांना नाव, पत्ता, वय वगैरे झाकलेले अर्ज दिले आणि काहींना उघडे. अपेक्षा अशी, की झाकल्यावर स्थलांतरितांच्या मुलांना जास्त बोलावणी येतील. झालं उलटं, झाकलेल्या अर्जांत त्यांची संधी कमी झाली. अभ्यासकांनी कारण शोधलं ते असं : प्रयोगात स्वखुशीनं आलेल्या कंपन्या मुळातच उदार मनाच्या होत्या. उघड्या अर्जात उमेदवाराची पार्श्वभूमी दिसायची, तेव्हा त्याच्या नोकरीतले खंड किंवा तुटक अनुभव ते समजून घ्यायचे. पार्श्वभूमी झाकली आणि खंड तेवढा उघडा राहिला.

वगळणं वाईट मनाच्या वाचकापासून वाचवतं, पण चांगल्या मनाच्या वाचकालाही अंधारात ठेवतं. म्हणून कारण वगळायचं असेल तर वाचणाऱ्याच्या हातात दुसरं काहीतरी द्यावं लागतं. या बाईंनी ‘मुलांच्या संगोपनासाठी दहा वर्षं घरी’ असं लिहिलं, तर कॉरेलच्या अभ्यासातली ती ओळ झाली. काहीच लिहिलं नाही आणि तारखा मात्र ठेवल्या, तर मालक वाटेल ते समजेल. त्यापेक्षा ‘खंडानंतर टॅली आणि जीएसटीचा अभ्यासक्रम पूर्ण करून पुन्हा कामाला सुरुवात’ ही एक ओळ बरी. खंड होता हे कबूल, का होता ते घरचं, आणि जीएसटी लागू झाल्यानंतरचं आजचं काम येतं हे स्पष्ट. मालकाची खरी भीती तीच असते, की बाईंना जुना विक्रीकर येतो आणि नवं काही ठाऊक नाही.

एक गोष्ट मात्र करायची नाही : खंड बुजवायला तारखा ताणायच्या नाहीत. सीएच्या ऑफिसातली पाच वर्षं नऊ केली, तर अनुभवाचा दाखला मागितल्यावर उघडं पडतं. मोठ्या कंपन्या जुन्या मालकाला विचारतात, भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात कधीपासून कधीपर्यंत पैसे भरले ते दिसतं. वगळलेल्या माहितीबद्दल कोणी नोकरी काढून घेत नाही. खोट्या माहितीबद्दल रुजू झाल्यावरही काढतात.

मुलाखतीत काय बोलायचं

कागदावरून काढलेलं तोंडानं परत येतं. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की आपली मुलं शाळेत शिकल्याप्रमाणे सुरू करतात : माझं नाव अमुक, मूळ गाव तमुक, वडील शेती करतात, आई गृहिणी, एक भाऊ, एक बहीण. अर्धा मिनिट संपतं आणि मुलाखत घेणाऱ्याच्या कागदावर एकही उपयोगाचा शब्द उतरत नाही. सुरुवात कामापासून करावी : सध्या काय करतो, त्यातलं एक नीट पार पाडलेलं काम कोणतं, आणि ही जागा का हवी. एवढं झालं की थांबावं.

बायकांना मग ठरलेले प्रश्न येतात. ‘घरी कोण कोण असतं?’ ‘मुलं केवढी?’ ‘मिस्टर काय करतात?’ रागावून ‘हे विचारायचा तुम्हाला हक्क नाही’ म्हणणं बरोबर असलं, तरी नोकरी बहुधा तिथेच संपते. प्रश्नामागची काळजी ओळखून त्या काळजीला उत्तर देता येतं. आपल्या बाईंना विचारलं, “मॅडम, मुलं लहान आहेत का? आमच्याकडे मार्चमध्ये रात्रीचे नऊ वाजतात.” त्या म्हणू शकतात, “सर, मार्चचा उशीर मला ठाऊक आहे. सीए ऑफिसमध्ये पाच मार्च काढलेत. त्या महिन्यात थांबायची माझी तयारी आहे. ऑडिटचे कागद तुमच्याकडे कोण बघतं सध्या?” घरचं काही सांगितलं नाही, खोटं काही बोललं नाही, आणि बोलणं परत कामावर आलं.

धर्म आणि जात विचारायला तर कोणी सरळ प्रश्न टाकत नाही; गाव आणि आडनावाची उत्पत्ती विचारतात. तिथे ‘लहानपणापासून नाशिकलाच’ एवढं उत्तर पुरे.

ठेवावं असंही काही

सगळंच खरवडून काढलं, तर माणूस उरत नाही, आणि कधीकधी कामही त्यात निघून जातं. एखाद्या तरुणानं आंबेडकर जयंती उत्सव समितीचा, गणेशोत्सव मंडळाचा किंवा दर्ग्याच्या उरुस समितीचा खजिनदार म्हणून चार वर्षं काम केलं आहे. दोन-तीन लाखांची वर्गणी, पावतीपुस्तकं, मंडपवाल्याची बिलं, शेवटी सगळ्यांसमोर हिशेब. हिशेबाच्या नोकरीसाठी हा अनुभव सोन्यासारखा. पण समितीचं नाव लिहिलं की धर्म-जात कळते. इथे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही बरोबर. ‘सार्वजनिक उत्सव समितीचा खजिनदार, वर्षाला तीन लाखांची वर्गणी आणि खर्चाचा हिशेब’ असं लिहून काम ठेवता येतं आणि ओळख राखता येते. किंवा पूर्ण नाव लिहून, मला याच नावानं ओळखा, असंही म्हणता येतं. माझ्या नावामुळे ज्याला मी नको, त्याच्याकडे मलाही काम नको, ही भूमिका परवडणाऱ्यानं जरूर घ्यावी. फक्त ती विचार करून घेतलेली असावी, झेरॉक्सवाल्याच्या फाइलमुळे आपोआप घडलेली नसावी.

काही जागी माहिती कामाचाच भाग असते. देवस्थानात पुजारी, मदरशात शिक्षक, मुलींच्या वसतिगृहावर अधीक्षिका, वयाची कायदेशीर अट असलेलं पद, दिव्यांगांसाठी राखीव जागा, अशा ठिकाणी धर्म, लिंग, वय किंवा अपंगत्व लिहावंच लागतं. आखाती देशांत नोकरीला जाणाऱ्यांकडून राष्ट्रीयत्व, जन्मतारीख आणि वैवाहिक स्थिती पहिल्याच अर्जात मागण्याची पद्धत अजून आहे, कारण पुढे व्हिसाचे कागद त्यावरच होतात. तिथे पाठवायची प्रत वेगळी ठेवावी.

आणि नोकरी पक्की झाल्यावर तर ही सगळी माहिती द्यायचीच असते. भविष्य निर्वाह निधीच्या अर्जात जन्मतारीख, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि वैवाहिक स्थिती लागते. ग्रॅच्युइटीच्या वारसनोंदीचा जुना ‘एफ’ नमुना तर धर्मही विचारतो. आरोग्य विम्यात बायको-मुलांची नावं घालायची असतात. तिथे काही लपवलं, तर नुकसान आपल्याच घरच्यांचं. फरक एवढाच, की तोपर्यंत निवड झालेली असते आणि ही माहिती तुमचे पैसे योग्य माणसाला मिळावेत म्हणून घेतली जाते.

उमेदवारानं किती काळजी घेतली तरी आडनाव राहणार आणि मुलाखतीत चेहरा दिसणार. बाकीचं काम अर्ज मागवणाऱ्यांचं आहे. शाळेच्या संस्थाचालकांपासून कारखानदारांपर्यंत ज्यांच्या ऑफिसात नोकरीचा छापील फॉर्म आहे, त्यांनी तो एकदा काढून बघावा. धर्म, जात, वडील-पती, मुलं, वैवाहिक स्थिती हे रकाने पहिल्या पानावर असतील, तर ते तिथून काढून रुजू होतानाच्या कागदांत न्यावेत. त्याला ना खर्च आहे, ना कोणाची परवानगी लागते. सर्वोच्च न्यायालयानं एका महामंडळाला नको ते रकाने काढायला सांगून तीन दशकं उलटली आहेत. बाकीच्यांनी न्यायालयाची वाट बघू नये.